मोटरचा करंट कुठून जातो?

दोन चाकांचा छोटा रोबो टेबलावर उचलून धरला, की चाकं छान गरगर फिरतात. जमिनीवर ठेवला की तो एक झटका देतो, थबकतो आणि पुन्हा झटका देतो. आतला मायक्रोकंट्रोलर ईएसपी-३२ असेल आणि त्याची वायर संगणकाला जोडलेली असेल, तर पडद्यावर बहुतेक वेळा ही ओळ दिसते:

```
Brownout detector was triggered
```

मला मिळणारा व्होल्टेज खाली गेला, म्हणून मी पुन्हा सुरू होतोय, असं ती चिप सांगत असते. मुलं मात्र रात्रभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात.

फिरणारी मोटर स्वतःच थोडा उलटा व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे तिचा करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटरमध्ये हा अडसर नसतो. तिथे करंटला अडवायला फक्त तारेच्या गुंडाळीचा रोध उरतो. चालताना ०.३ अँपिअर घेणारी बारा व्होल्टची मोटर सुरू होताना क्षणभर २.५ अँपिअर ओढू शकते आणि अशा दोन मोटरी मिळून ५ अँपिअर होतात. चाळीत तळमजल्यावर सगळे नळ एकदम सोडले की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, तशी बारीक जंपर वायरींवर जगणाऱ्या मायक्रोकंट्रोलरची गत होते. तयार मॉड्यूल्सचं हे जंजाळ सोडून स्वतःचा सर्किट बोर्ड बनवायचा, तो मुख्यतः मोटरचा करंट आणि मेंदूचा करंट यांच्या वाटा वेगळ्या करण्यासाठी.

आधी कागद घ्यावा आणि कुणाला किती व्होल्टेज, किती करंट लागतो ते लिहावं. मग स्किमॅटिक, म्हणजे कोण कुणाला जोडलेलं आहे याचा नकाशा. त्यासाठी कायकॅड हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे. ज्याँ-पिएर शारास यांनी ते १९९२मध्ये सुरू केलं आणि पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेनेही त्याला हातभार लावला.

आपल्या रोबोत तीन सेलची लिथियम बॅटरी आहे असं धरू. पूर्ण भरली की ती १२.६ व्होल्ट देते आणि मायक्रोकंट्रोलरला ३.३ हवेत. एकाच साध्या लिनिअर रेग्युलेटरने एवढी उतरण केली, तर ०.३ अँपिअरला (१२.६ − ३.३) × ०.३, म्हणजे जवळपास २.८ वॉट नुसती उष्णता होते आणि तो बोटभर भाग हात लावू देत नाही. म्हणून आधी स्विचिंग रेग्युलेटरने ५ व्होल्ट करावेत आणि त्यातून लिनिअरने ३.३. मोटर ड्रायव्हरला मात्र थेट बॅटरीपासून वेगळी वाट द्यावी. स्किमॅटिकमध्येच एक खोडी टाळता येते. मूळ ईएसपी-३२ची `GPIO12` ही पिन सुरू होतानाच बघितली जाते. तेव्हा बाहेरच्या एखाद्या सेन्सरने ती वर ओढून धरली, तर चिप आपल्या मेमरीला चुकीचा व्होल्टेज देते आणि बोर्ड सुरूच होत नाही.

कनेक्टरकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि बोर्ड जास्त करून तिथेच जळतात. बॅटरीसाठी एक्सटी-३० सारखा कनेक्टर घ्यावा, तो उलटा बसतच नाही. बॅटरीचे १२ व्होल्ट आणि सेन्सरचे ५ व्होल्ट एकाच जातीच्या कनेक्टरवर कधीही आणू नयेत, कारण घाईत कुणीतरी एकाचा प्लग दुसऱ्यात खुपसणारच. साध्या तीन पिनांच्या रांगेत पुरवठ्याची पिन मधोमध ठेवावी. सर्वो मोटरच्या प्लगमध्ये लाल वायर मध्ये असते ती यामुळेच. प्लग उलटा लागला तरी लाल आपल्या जागी राहते, फक्त सिग्नल आणि ग्राउंडची अदलाबदल होते आणि सर्वो बहुतेक वेळा वाचते.

आता संरक्षण. बॅटरी उलटी लागू नये म्हणून वाटेत डायोड टाकायचा, हा पहिला सुचणारा उपाय. पण डायोड अर्धा व्होल्ट खातो, म्हणजे ५ अँपिअरला अडीच वॉट. शिवाय त्यात एक छुपी अडचण आहे. मोटर एकदम थांबवली की ती क्षणभर जनित्र बनते आणि वीज बॅटरीकडे परत ढकलते. डायोड ती वाट बंद करतो, मग ती वीज कपॅसिटरमध्ये साठत जाते, बोर्डाचा व्होल्टेज वर चढतो आणि ड्रायव्हर मरतो. त्याऐवजी पी-चॅनल मॉस्फेट वापरावा. त्याचा रोध १० मिलिओहम असेल तर ५ अँपिअरला जेमतेम पाव वॉट जातो आणि चालू असताना तो दोन्ही दिशांनी करंट जाऊ देतो. मात्र त्याची ड्रेन बॅटरीकडे आणि सोर्स बोर्डाकडे, अशी नेहमीच्या उलट जोडणी करावी लागते. सवयीने सरळ जोडला तर त्याच्या आतला डायोड उलट्या बॅटरीलाही खुशाल वाट देतो आणि संरक्षण फक्त कागदावर राहतं.

याच्या आधी, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, कारण शॉर्ट झालेली लिथियम बॅटरी वायर वितळवू शकते. आणि एक मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर हवा. नुसते छोटे सिरॅमिक कपॅसिटर असलेल्या बोर्डाला लांब वायरीची बॅटरी जोडली, की व्होल्टेज क्षणभर उसळून जवळपास दुप्पट, म्हणजे २५ च्या घरात जातो. इलेक्ट्रोलिटिकचा स्वतःचा थोडा रोध ही उसळी शमवतो.

मग येतो लेआउट, म्हणजे प्रत्यक्ष तांब्याच्या पट्ट्या. नेहमीच्या बोर्डावर तांबं ३५ मायक्रॉन जाड असतं आणि त्याच्या एका चौकोनाचा रोध साधारण अर्धा मिलिओहम असतो. चौकोन केवढा आहे याने फरक पडत नाही, पट्टीच्या लांबीत तिच्या रुंदीचे किती चौकोन मावतात ते मोजायचं. ग्राउंडची पट्टी ५० मिलिमीटर लांब आणि १ मिलिमीटर रुंद असेल तर पन्नास चौकोन, म्हणजे २५ मिलिओहम. त्यातून मोटरींचे ५ अँपिअर गेले की एका टोकाचं ग्राउंड दुसऱ्यापेक्षा १२५ मिलिव्होल्ट वर उचललं जातं. रेषा ओळखणाऱ्या सेन्सरचं ग्राउंड याच पट्टीवर असेल, तर मोटर सुरू होताच त्याचे आकडे खोटे होतात आणि रोबो वळण चुकतो. पट्टी १० मिलिमीटर रुंद केली तर हीच चूक १२.५ मिलिव्होल्टवर येते. पण रुंदीपेक्षा जागेची निवड मोठी. बॅटरीचा कनेक्टर, ड्रायव्हर आणि मोटरींचे कनेक्टर बोर्डाच्या एका बाजूला एकत्र ठेवावेत आणि मायक्रोकंट्रोलर व सेन्सर दुसऱ्या बाजूला. मग मोटरचा करंट आपल्याच कोपऱ्यात फिरून परत जातो. खालचा थर अखंड ग्राउंडचा ठेवावा, त्यात लांब चिरा पाडू नयेत. ईएसपी-३२ची अँटेना बोर्डाच्या कडेला न्यावी आणि तिच्याखाली तांबं ठेवू नये.

इथे सॉफ्टवेअरच्या तपासणीवर फार विसंबू नये. दोन पट्ट्यांमधलं अंतर कमी पडलं तर ती ओरडेल, पण सेन्सरचं ग्राउंड मोटरच्या वाटेवर आहे हे तिला कळत नाही. बोर्ड कारखान्यात पाठवण्याआधी तो खऱ्या मापात कागदावर छापून त्यावर प्रत्यक्ष कनेक्टर ठेवून बघावेत. पिनांची रांग आरशातल्यासारखी उलटी पडली असेल, तर ती तिथेच पकडली जाते.

बोर्ड हातात आला, डाग देऊन झाले, तरी बॅटरी लगेच जोडू नये. आधी मीटरने पुरवठा आणि ग्राउंड यांत शॉर्ट नाही ना ते बघावं. मग बेंच सप्लायवर करंटची मर्यादा १०० मिलिअँपिअर ठेवून, मोटरी न जोडता, १२ व्होल्ट द्यावेत. सप्लाय मर्यादेला जाऊन अडकला तर लगेच बंद करून गरम भाग बोटाने शोधावा. ५ आणि ३.३ व्होल्ट बरोबर आले तर बॅटरी आणि मोटरी जोडून ऑसिलोस्कोप ३.३ व्होल्टच्या पट्टीवर लावावा, एक चाक हाताने घट्ट धरावं आणि मोटर सुरू करावी. पडद्यावरची रेघ जागची हलली नाही, तर प्रोग्रॅम लिहायला बसावं.