सरासरी शंभर, खिसा रिकामा

नाणं खोटं नाही, डावही सरळ आहे. एका खेळाडूकडे शंभर रुपये आहेत. प्रत्येक फेकीला तो हातातल्या रकमेपैकी निम्मी लावतो. छापा पडला तर जेवढी लावली तेवढीच वर मिळते, काटा पडला तर लावलेली जाते. म्हणजे छाप्याला शंभराचे दीडशे होतात आणि काट्याला पन्नास. पुढच्या फेकीला लावायची रक्कम या दीडशेवर किंवा पन्नासवर ठरते, मूळ शंभरावर नाही. त्यामुळे इथे बेरीज-वजाबाकीपेक्षा गुणाकार महत्त्वाचा. हातातल्या रकमेला दरवेळी १.५ किंवा ०.५ ने गुणायचं, दोन्हींची शक्यता सारखीच. या दोन गुणकांची सरासरी बरोबर १ येते.

दोन फेकींनंतरचं चित्र कागदावर मांडता येतं. दोन्ही छापे पडले तर २२५ रुपये, एक छापा आणि एक काटा (क्रम कुठलाही असो) तर ७५, दोन्ही काटे पडले तर २५. चारही शक्यता सारख्या धरल्या तर बेरीज होते २२५ + ७५ + ७५ + २५ = ४००, आणि सरासरी पुन्हा शंभरच.

हा योगायोग नाही. समजा, n फेकी होऊन गेल्या आहेत आणि खेळाडूच्या हातात Mₙ रुपये आहेत. आता ही रक्कम माहीत आहे, तिच्यात अनिश्चित असं काहीच उरलेलं नाही. पुढची रक्कम म्हणजे Mₙ गुणिले पुढचा गुणक Xₙ₊₁. झालेल्या फेकी माहीत असताना पुढच्या रकमेची सरासरी काढायची असेल, तर Mₙ ही ठरलेली संख्या असल्याने ती सरासरीच्या बाहेर येते. उरतो फक्त Xₙ₊₁. नाण्याला मागचं काही आठवत नाही, म्हणून मागच्या फेकी कळल्याने या गुणकाच्या सरासरीत काडीचाही फरक पडत नाही. ती १ च राहते.

E[Mₙ₊₁ | X₁, …, Xₙ] = Mₙ · E[Xₙ₊₁] = Mₙ

‘आजवरचं सगळं माहीत असताना उद्याची सरासरी म्हणजे आजचीच रक्कम’ हा गुण ज्या क्रमिकेत असतो तिला मार्टिंगेल म्हणतात. सरासरी मुळात सांत असायला हवी ही तांत्रिक अट इथे आपोआप पुरी होते, कारण सगळे गुणक धन आहेत आणि स्वतंत्र गुणकांच्या गुणाकाराची सरासरी म्हणजे त्यांच्या सरासऱ्यांचा गुणाकार, म्हणजे १. छापा-काटाच हवा असंही नाही. गुणक धन, एकमेकांपासून स्वतंत्र आणि सरासरी १ असलेले असले की पुरे.

यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द मात्र शोभेचा नाही. समजा, नाणं एकदाच फेकलं आणि त्याच निकालावर दोनदा गुणाकार केला. छाप्याला १.५ × १.५ = २.२५, काट्याला ०.५ × ०.५ = ०.२५, आणि सरासरी १.२५. प्रत्येक गुणकाची सरासरी अजूनही १ च आहे, पण गुणाकाराची नाही.

सरासरी शंभरावर टिकते, म्हणून खेळाडूही शंभरावर टिकतो असं वाटेल. इथेच बहुतेक जण फसतात. वीस फेकींत दहा छापे आणि दहा काटे पडले, तर प्रत्येक जोडी रकमेला ०.७५ ने गुणते. दहा जोड्यांनंतर शंभर रुपयांतले उरतात सुमारे ५ रुपये ६३ पैसे. शंभराच्या वर राहायला वीसपैकी किमान तेरा छापे पडायला हवेत, आणि त्याची शक्यता जेमतेम १३ टक्के. मग सरासरी सांभाळतं कोण? मोजके नशीबवान. विसाच्या वीस छापे पडले तर रक्कम तीन लाख बत्तीस हजारांवर जाते. तशी शक्यता दहा लाखांत एकाहूनही थोडी कमी. फेकी वाढत जातील तसा बहुतेकांचा खिसा शून्याकडे सरकतो आणि सरासरीचा भार अधिकाधिक दुर्मीळ निकालांवर येतो. खेळ अनंतकाळ चालला तर रक्कम जवळजवळ निश्चितपणे शून्याकडे जाते, तरी कुठल्याही ठरावीक फेकीनंतरची सरासरी शंभरच असते.

फ्रेंच गणिती ज्याँ व्हील यांनी १९३९च्या आपल्या प्रबंधात अशाच, कधीही ऋण न होणाऱ्या भांडवलाचा विचार केला होता. त्यांची एक असमानता इथे लगेच लागू पडते. खेळाडूने ठरवलं, ‘हजार झाले की थांबायचं.’ तो हजारावर कधीतरी पोहोचेल याची शक्यता किती? एखादी मुदत धरा, समजा हजार फेकी. हजार रुपये झाले तर तिथेच थांबायचं, नाहीतर मुदत संपेपर्यंत खेळायचं. असं थांबल्यानेही सरासरी शंभरच राहते. पोहोचलेल्या प्रत्येकाकडे किमान हजार असतात आणि बाकीच्यांकडे शून्याहून कमी नसतात, म्हणजे पोहोचण्याची शक्यता गुणिले हजार हे शंभराहून जास्त असू शकत नाही. शक्यता फार तर दहात एक. मुदत कितीही लांबवली तरी ही मर्यादा तीच राहते, आणि निम्म्याऐवजी दर फेकीला रकमेचा दहावा हिस्सा लावला तरीही तीच.