मोसंबीच्या बागेतली चर्चा : ऑडिओचा व्हिडिओ करताना



परिसर अभ्यासाच्या तासाला एका विद्यार्थ्याचे आजोबा शाळेत आले होते. आपल्या जालना जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे हे पोरांना पाठ आहे, पण बाग कशी उभी राहते हे माहीत नाही. म्हणून चौथीच्या मुलांनी प्रश्न विचारायचे आणि आजोबांनी उत्तरं द्यायची असं ठरलं. मी मोबाईल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग केलं. सतरा मिनिटांची झकास चर्चा झाली.

दुसऱ्या दिवशी वर्गात स्पीकरवर लावली. सगळे ऐकत होते, फक्त एक मुलगा खिडकीबाहेर बघत होता. त्याला श्रवणयंत्र आहे. समोर माणूस बोलत असेल तर तो ओठांकडे बघून बरंच समजून घेतो. पण स्पीकरला ओठ नसतात. त्याच्यासाठी ती सतरा मिनिटं म्हणजे नुसती घरघर होती. तेव्हा ठरवलं, याचा व्हिडिओ करायचा. तो कसा केला आणि कुठे चुकलो, ते आज सांगतो.

बहुतेक जण आधी फोटो शोधायला बसतात. मीही तेच केलं, आणि दोन संध्याकाळी वाया गेल्या. आधी कागद घ्या. रेकॉर्डिंग थांबवत थांबवत ऐका आणि तीन रकाने करा : वेळ, कोण काय बोललं, आणि पडद्यावर काय दिसावं. तिसरा रकाना सगळीकडे भरायचा नाही. जिथे मुलं शब्दाला अडखळतील तिथेच भरायचा.

माझ्या कागदावर असे शब्द मोजून दोन निघाले. पहिला 'डोळा'. आजोबा म्हणाले, "रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतेत." अर्धा वर्ग हसला, कारण त्यांना डोळा म्हटलं की चेहऱ्यावरचाच डोळा माहीत. दुसरा शब्द 'ताण'. बागेला ताण द्यायचा म्हणजे फुलं येण्याआधी काही दिवस पाणी बंद करायचं. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी जमिनीत जास्त. एका मुलीने मला हळूच विचारलं, "सर, झाडाला टेन्शन येतं का?" खरं तर तिचं अगदीच चुकलं नव्हतं! पण चित्र लागणार हे कळलं.

डोळ्यासाठी आजोबांनी प्रत्यक्ष खुंटावर काप घेऊन दाखवला, त्याचे तीन फोटो काढले : टी आकाराचा काप, त्यात बसवलेला डोळा, आणि पट्टी गुंडाळलेला खुंट. ताणासाठी दोन फोटो : कोरडं पडलेलं आळं, आणि पाणी सोडल्यावरची फुलं. बागेचे आणखी वीस-पंचवीस छान फोटो होते. ते टाकायचा मोह आवरला. बोलण्याशी संबंध नसलेला फोटो आला की मुलं फोटो बघतात आणि ऐकायचं राहून जातं.

फोटो कधी आणायचा यातही माझी चूक झाली. मी तो शब्दाच्या आधी दोन सेकंद आणला होता. मुलं "काय आहे ते" म्हणत बसली आणि शब्द निघून गेला. आता शब्द उच्चारताच फोटो येतो आणि पुढचा प्रश्न सुरू होईपर्यंत राहतो. श्रवणयंत्रवाल्या मुलाला खालची ओळही वाचायची असते आणि वरचं चित्रही बघायचं असतं. त्याच्याकडे कानाची मदत नाही, सगळं काम डोळ्यांवर. म्हणून चित्राच्या वेळी ओळ छोटी ठेवली.

आता ओळींबद्दल, म्हणजे कॅप्शनबद्दल. जी भाषा कानावर पडते तीच पडद्यावर लिहिलेली दिसली तर वाचनाला मदत होते, ही कल्पना आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आहे. अहमदाबादच्या आयआयएमचे ब्रिज कोठारी यांनी ती 1996 च्या सुमारास मांडली आणि 1999 मध्ये गुजराती दूरदर्शनच्या 'चित्रगीत' कार्यक्रमात गाण्यांखाली गुजरातीतच ओळी दिसू लागल्या. पण गाण्यात आणि चर्चेत फरक आहे. गाण्याची ओळ सावकाश येते, पुन्हा पुन्हा येते. आजोबा मात्र एका दमात वीस-बावीस शब्द बोलतात. चौथीचं मूल त्या वेगाने वाचू शकत नाही.

म्हणून एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, आणि वाक्य जिथे अर्थाने तुटतं तिथेच तोडायचं. "ताण दिला की" एका ओळीत आणि "पानं गळतेत" पुढच्या पडद्यावर, असं नको. ओळ पुरेशी थांबते की नाही हे तपासायची माझी पद्धत सोपी आहे : आवाज बंद करून वर्गातल्या मध्यम वाचणाऱ्या मुलाला मोठ्याने वाचायला लावायचं. त्याचं वाचन संपण्याआधी ओळ गेली, तर "म्हणजे काय", "तर मग" असे भरतीचे शब्द गाळायचे किंवा ओळ बोलणं संपल्यावरही अर्धा-एक सेकंद राहू द्यायची.

पण भाषा बदलायची नाही, यावर मी ठाम आहे. एका सहकाऱ्याने सुचवलं की 'गळतेत'चं 'गळतात' आणि 'कामून'चं 'का' करावं, पडद्यावर शुद्ध दिसेल. मी केलं नाही. ओठांची हालचाल वाचणारा मुलगा घरी 'कामून'च बघतो. कानाला एक आणि डोळ्याला दुसरं दिलं तर तो कशाचा मेळ कशाशी घालणार? प्रमाण भाषा पाठ्यपुस्तकात आहेच की.

ओळी लिहायला मी सबटायटल एडिट हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्यातून तयार होणारी फाईल अशी दिसते :

```
14
00:02:11,400 --> 00:02:15,200
आजोबा: ताण दिला की पानं गळतेत,
मग पाणी सोडायचं.

15
00:02:15,900 --> 00:02:18,900
आजोबा: तवाच फुलं येतेत.
```

सेकंदानंतर स्वल्पविराम असतो, टिंब नाही. बोलणाऱ्याचं नाव प्रत्येक वेळी लिहायचं. नुसत्या रंगावर विसंबू नका, कारण काही मुलांना रंगातला फरक कळत नाही. फाईल UTF-8 मध्ये सेव्ह करा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. टायपिंग युनिकोडमध्येच हवं. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर इथे अगम्य होतो. आणखी एक गंमत. काही व्हिडिओ ॲपना देवनागरी नीट जोडता येत नाही. 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द टाकून बघा. पहिली वेलांटी 'व'च्या मागे गेली किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडली, तर त्या ॲपचा नाद सोडा.

आता आवाजाच्या हलत्या रेघेकडे येतो, जिला वेव्हफॉर्म म्हणतात. सुरुवातीला मी ती अख्ख्या व्हिडिओत ठेवली होती. दिसायला भारी, पण दोन मिनिटांत मुलं कंटाळली. ही रेघ फक्त आवाज किती मोठा ते सांगते. कोण बोलतंय, काय बोलतंय हे सांगत नाही. मग ती हवी कुठे? जिथे आवाज हीच बघण्याची गोष्ट आहे तिथे.

आमच्या चर्चेत अशी जागा एकच होती. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात कितीतरी मोसंबीच्या बागा वाळल्या. एका मुलाने विचारलं, "आजोबा, तुम्ही झाडं कामून तोडली?" आणि आजोबा गप्प झाले. सहा सेकंद. मग म्हणाले, "पाणीच नव्हतं ना बाळा." ऐकणाऱ्या मुलांना ती शांतता कळली होती. श्रवणयंत्रवाल्याला कशी कळणार? ओळ नसलेला पडदा त्याला नेहमीसारखाच वाटला असता. तिथे फोटो काढून टाकला आणि काळ्या पडद्यावर फक्त रेघ ठेवली. प्रश्नाच्या वेळी ती नाचते, मग सहा सेकंद सपाट होते. खाली ओळ : "(आजोबा थांबतात)".

तेवढाच तुकडा ऑडॅसिटीमधून वेगळा काढून, एफएफएमपेग हे मोफत साधन लॅपटॉपवर टाकून कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ दिली :

```
ffmpeg -i tukda.wav -filter_complex "[0:a]showwaves=s=1280x720:mode=cline:rate=25:colors=orange,format=yuv420p[v]" -map "[v]" -map 0:a -c:a aac lahar.mp4
```

पहिल्या वेळी शांतता सपाट आलीच नाही, रेघ थरथरत राहिली. कारण वर्गातला पंखा! ऑडॅसिटीत नुसत्या पंख्याचा एक सेकंद निवडून `Get Noise Profile` दाबलं, मग पूर्ण आवाजावर नॉइज रिडक्शन लावलं. हे बेताने करा. जास्त झालं की माणूस हौदात बुडून बोलतोय असं वाटतं. दुसरी अडचण म्हणजे आजोबांच्या आवाजाची रेघ फारच बारीक दिसत होती. `Normalize` करूनही फरक पडेना, कारण मध्येच दार आपटल्याचा एक मोठा आवाज होता आणि सगळं माप त्याच्यावर ठरत होतं. तो आधी कमी केला, मग जमलं. याच कमांडमध्ये `scale=log` टाकून बारीक आवाज मोठा दाखवता येतो, पण मग उरलासुरला पंखाही बोलल्यासारखा दिसतो. इथे ते नको.

पुढे शॉटकटमध्ये मूळ आवाज खाली, फोटो आणि हा तुकडा वर, असं जोडलं. तुकड्याचा स्वतःचा आवाज बंद करायला विसरू नका, नाहीतर घुमल्यासारखं ऐकू येतं. शेवटी ओळी व्हिडिओतच छापल्या. पालकांच्या व्हॉट्सॲपवर ओळींची वेगळी फाईल चालत नाही.

```
ffmpeg -i charcha.mp4 -vf "subtitles=charcha.srt:force_style='FontName=Noto Sans Devanagari,FontSize=24'" -c:a copy charcha_oli.mp4
```

सतरा मिनिटांचा व्हिडिओ साडेपाच मिनिटांचा झाला. कुणाला पाठवण्याआधी आजोबांना दाखवला. त्यांनी सगळा शांतपणे बघितला आणि म्हणाले, "गुरुजी, ते उधारीचं बोललो ते तेवढं काढा." अकरा सेकंदांचं बोलणं होतं. काढलं, आणि त्यानंतरची प्रत्येक ओळ अकरा सेकंद मागे पडली. प्रश्न मुलगी विचारतेय आणि खाली भलतंच उत्तर. सबटायटल एडिटमध्ये त्या जागेपासूनच्या ओळी निवडून सगळ्यांची वेळ एकदम अकरा सेकंद अलीकडे आणता येते, म्हणून निभावलं. पण आता मी ओळी टाकायला बसण्याआधीच, कापलेला नुसता ऑडिओ, बोलणाऱ्याला ऐकवून येतो.

वर्गात लावला तेव्हा तो मुलगा पहिल्या बाकावर येऊन बसला. रेघ सपाट झाली तेव्हा त्याने आधी श्रवणयंत्राला हात लावला, बंद पडलं की काय म्हणून. मग खालची ओळ वाचली आणि आजोबांच्या नातवाकडे वळून बघितलं.