ठिणगी कनेक्टरपाशी, दुखणं कॉइलमध्ये

शहरातल्या ओट्यावरची कॉइलच्या शेगडीची जागा इंडक्शनने कधीच घेतली. तरी कॉट बेसिसच्या खोल्यांत, टपऱ्यांवर, कार्यालयाच्या मागच्या खोलीत आणि सिलिंडर अचानक संपला की माळ्यावर ती अजून सापडते. तिची बिघडण्याची रीतही ठरलेली आहे. एक दिवस शेगडी अर्धी लालबुंद आणि अर्धी काळसर दिसू लागते, वायर जिथे आत शिरते तिथून बारीक चर्र असा आवाज येतो आणि निळसर ठिणगी दिसते. मग कुणीतरी म्हणतं, ‘कॉइल गेली, नवीन टाका.’ नवीन कॉइल टाकली जाते आणि काही दिवसांत तीच ठिणगी पुन्हा हजर होते.

याचं कारण समजायला या शेगडीची रचना नीट पाहावी लागते. तशी ती फार साधी आहे. भाजलेल्या मातीची प्लेट, तिच्यात गोल गोल जाणारी खाच आणि खाचेत बसवलेली नायक्रोमची तार. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू; चांगल्या प्रतीत निकेल 80 टक्के आणि क्रोमियम 20. विजेला त्याचा रोध तांब्याच्या साठपट तरी असतो, म्हणून तो तापतो. तापला की क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर अंगावर येतो आणि आतला धातू हवेपासून वाचतो, म्हणून तो लाल होऊनही जळून जात नाही. तारेची दोन्ही टोकं प्लेटच्या खाली उतरतात आणि तिथे चिनीमातीच्या कनेक्टरमध्ये, पितळी नळीत, स्क्रूखाली दाबलेली असतात. दुसऱ्या बाजूने त्याच नळीत आपली तांब्याची वायर येते.

प्लगपासून कनेक्टर, कॉइल, दुसरा कनेक्टर आणि परत प्लग, अशी ही एकच वाट आहे. वाटेत फाटा नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणातून जाणारा प्रवाह अगदी सारखा असतो. हे एवढं लक्षात ठेवलं की लाल-काळी शेगडी वाचता येते. प्रवाह सारखा असताना एखादी जागा जास्त उजळते, तेव्हा त्या जागेत काहीतरी वेगळं असतं. ‘तिथे करंट जास्त जातो’ हे उत्तर चूक आहे. बहुतेकदा तिथे तार झिजून बारीक झालेली असते. बारीक तारेचा रोध जास्त, म्हणून ती जास्त तापते. जास्त तापली की लवकर झिजते, आणखी बारीक होते. कॉइल शेवटी तिथेच तुटते. किंवा वेढे एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि एकमेकांना तापवतात. उलट, वेढे ताणून विरळ झाले असतील तर तेवढ्याच लांबीच्या खाचेत तार कमी असते आणि भोवती हवा खेळते, म्हणून ती जागा काळसर राहते. दोन वेढे एकमेकांना चिकटले आणि प्रवाहाने मधला रस्ता चुकवला, तरी मधला तुकडा काळाच राहतो. तुटलेली तार पीळ देऊन जोडली असेल तर तिथे तार दुहेरी होते, प्रवाह दोघींत वाटला जातो, आणि तोही एक काळा ठिपका.

ठिणगीचं वाचन वेगळं. शेगडी चालू असताना लांबूनच बघा. ठिणगी उडताना सगळी कॉइल एकदम मंदावते आणि पुन्हा उजळते का? तसं होत असेल तर दोष सामायिक वाटेवर आहे, म्हणजे कनेक्टर, वायर, प्लग किंवा सॉकेटमध्ये. लाली एकसारखी नाही, पण आहे तशी स्थिर आहे, तर दोष कॉइलमध्ये. दोन्ही एकदम दिसलं तर दोष दोन, आणि बहुधा एकाने दुसरा जन्माला घातलेला.

पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात पाहिलेली शेगडी याच जातीची होती. कॉलेजचा मुलगा ती पिशवीतून घेऊन आला. ‘काका, कॉइल तेवढी बदलून द्या. बाकी सगळं ठीक आहे.’

‘बाकी ठीक आहे का, ते बघू ना आपण. कधी तुटली होती का रे ही?’

तुटली होती. रूममेटने दोन टोकं पकडीने पिळून जोडली होती आणि शेगडी पुन्हा चालू झाली होती, म्हणून सगळे खूश होते.

काकांनी शेगडी उलटी करून खालचा पत्रा काढला. एका कनेक्टरची चिनीमाती पांढरी, दुसऱ्याची काळी. काळ्यातलं पितळ काळवंडलेलं, लोखंडी स्क्रूवर निळी झाक. पोलाद साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की असा निळा रंग धरतं, त्यामुळे तो स्क्रू किती सोसून बसला होता हे न मोजताच कळत होतं. वायरीवरचं प्लास्टिक बोटभर लांबीपर्यंत कडक होऊन चिरलेलं आणि आतलं तांबं काळं. वाकवलं तर चार-दोन तारा मोडून हातात आल्या. साध्या पीव्हीसी आवरणाची कायमची सहनशक्ती 70 अंशांची, तिथे त्याचं काय चालणार?

मग मल्टिमीटर. शेगडीवर 2000 वॅट लिहिलेलं. 230 व्होल्टवर 2000 वॅट हवे असतील तर रोध साडेसव्वीस ओहमच्या जवळ यायला हवा आणि प्रवाह 8.7 अँपिअर. प्लगच्या पिनांवर मीटर लावला तर आकडा स्थिरच होईना. वायर हलवली की 24, मग 30, मग भलतंच काही. थेट कॉइलच्या दोन टोकांवर लावला तर शांतपणे 22. गरम झाल्यावर नायक्रोमचा रोध काही टक्क्यांनी वाढतो, पण तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही. म्हणजे मूळ कॉइलचा जवळपास सहावा भाग गायब होता. पीळ देताना काही तार पिळात गेली, जळकी टोकं कापून टाकली गेली, आणि उरलेली कॉइल ताणून तीच खाच भरली. ताणलेली बाजू काळसर दिसत होती, न ताणलेली लालबुंद.

तार कमी झाली म्हणजे शेगडी दुबळी झाली असं वाटतं. होतं उलटं. रोध 22 ओहम, म्हणून प्रवाह साडेदहा अँपिअरच्या घरात आणि शेगडी 2000 ऐवजी 2400 वॅटची झाली. त्या मुलाला म्हणे ती दुरुस्तीनंतर ‘जास्त चांगली’ चालते असंच वाटत होतं!

आता कनेक्टरकडे या. स्क्रू थोडा ढिला, पितळावर ऑक्साइडचा थर, आणि समजा त्या जोडात फक्त 0.3 ओहमचा रोध आला. जोडातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. 8.7 अँपिअरला तिथे साधारण 23 वॅट तयार होतात, साडेदहाला 33. रेडिओ दुरुस्त करायचं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॅटचं असतं. तसं एक आयर्न वाटाण्याएवढ्या जागेत कोंबून तासभर चालू ठेवल्यासारखं हे आहे. त्या उष्णतेने धातू फुगतो, शेगडी बंद केल्यावर आकसतो आणि स्क्रूची पकड आणखी सुटते. पकड सुटली की रोध वाढतो. शेवटी धातूंमध्ये केसाएवढी फट पडते आणि प्रवाह तिच्यावरून उडी मारतो. तीच ती ठिणगी. आधी तुटलेली कॉइल, मग आखूड जोड, मग वाढलेला प्रवाह, मग जळका कनेक्टर, असा हा क्रम होता. नुसती कॉइल बदलली असती तर जळक्या कनेक्टरने नव्या कॉइलचं टोक खाल्लं असतं.

एमसीबी का पडला नाही, हा प्रश्न त्या मुलाने विचारलाच. एमसीबी प्रवाह फार वाढला की पडतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला साडेदहा अँपिअर म्हणजे काहीच नाही, आणि ढिल्या जोडाने तर प्रवाह थोडा कमीच होतो. ईएलसीबीलाही हे दिसत नाही, कारण तो वाटेबाहेर गळणारा प्रवाह बघतो आणि इथे गळती नाही. घरातलं कोणतंही नेहमीचं संरक्षण या ठिणगीला अडवत नाही. प्लास्टिक जळल्याचा वास आला की हातानेच प्लग काढायचा.

नुसतं बटण बंद करणं इथे पुरत नाही. सॉकेटची जोडणी उलटी झालेली असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज कॉइलपर्यंत पोहोचलेलाच राहतो. तुटलेल्या कॉइलचंही तसंच. ती तापत नाही, लाल दिसत नाही, पण तिचं एक टोक जिवंत असू शकतं, आणि स्टीलचा चमचा किंवा उतू गेलेलं दूध तिथे पोहोचायला वेळ लागत नाही. तुटलेलं टोकही वाचण्यासारखं असतं. टोकाला वितळलेला गोल मणी असेल तर तिथे ठिणगी पडून तार तुटली. टोक निमुळतं होत गेलेलं आणि खपली धरलेलं असेल तर तार झिजून संपली. मग बाकीची तारही त्याच वयाची असते आणि जोडण्यात अर्थ नसतो.

काकांनी काय केलं ते सांगतो. काळं तांबं संपून लखलखीत तार दिसेपर्यंत वायर मागे कापली. दोन्ही कनेक्टर बदलले, पांढरा दिसणारासुद्धा. सुतळी खाचेतून फिरवून लांबी मोजली आणि 2000 वॅटची नवी कॉइल दोन्ही हातांनी सारखी ताणून त्याहून किंचित आखूड ठेवली, म्हणजे खाचेत बसवताना ती जागच्या जागी राहते आणि वेढे सगळीकडे सारख्या अंतरावर येतात. दोन्ही टोकांची तार सरळ करून दुमडली आणि दुहेरी पीळ दिला. आधी जो पीळ कॉइलच्या मध्ये घातक होता, तोच टोकाला उपयोगी, कारण दुहेरी तार कमी तापते आणि कनेक्टर थंड राहतो. जोडाला सोल्डर लावलं नाही. नेहमीचं सोल्डर दोनशे अंशांच्या आतच वितळतं. टेपही गुंडाळली नाही. आतल्या वायरीवर चिनीमातीचे मणी ओवले, अर्थची वायर पत्र्याला घट्ट केली, आणि प्लगच्या फेज-न्यूट्रलच्या पिना व पत्रा यांच्यात मीटर काहीच दाखवत नाही हे बघून मगच शेगडी लावली. दहा मिनिटांनी लाली कडेपासून मध्यापर्यंत सारखी होती. प्लग काढून पिनांजवळची वायर चाचपली, कोमट होती. गरम असती तर पुढचा संशयित सॉकेट.

एक काम त्यांनी करायला नकार दिला. त्याच पिशवीत प्लेटला आरपार तडा गेलेली दुसरी शेगडी होती. तड्यातून तार खाली पत्र्यावर टेकू शकते, म्हणून ती त्यांनी उघडलीही नाही.

आपल्या शेगडीची कॉइल आणायला जाल तेव्हा पट्टीवरचा वॅटचा आकडा लिहून न्या, जुन्या कॉइलच्या अंदाजाने घेऊ नका. आणि कॉइलबरोबर दोन कनेक्टरही मागून घ्या.