पडदा मध्येच का अडतो?

खर्रर्र... टक! पडदा ओढला आणि तो मध्येच अडला. सांग बघू, चूक कोणाची? पडद्याची? अंहं! तो बिचारा नुसता लटकलेला असतो. खरी गडबड वरच्या पट्टीच्या आत असते.

खालून नीट बघ. पट्टीला एक लांबच लांब फट दिसते ना? तिच्या आत पळतात चिमुकले रनर! प्रत्येकाला दोन चाकं. एक फटीच्या या काठावर, दुसरं त्या काठावर. मधून खाली येतो हूक आणि हुकाला पडदा. एक चाक तुटलं की रनर कलंडतो आणि कधीकधी फटीतून सुळकन बाहेर! पडद्याचा तेवढाच भाग मग लोंबायला लागतो.

आता तू गुप्तहेर! पडदा सावकाश दोन-तीनदा इकडून तिकडे ने. दर वेळी त्याच जागी अडला? मग दोष पट्टीचा. तिथे पट्टी चेपली असेल, नाहीतर भिंत रंगवताना रंगाचा थेंब आत वाळला असेल. अडायची जागा बदलते, पण पडद्याची तीच चुणी मागे राहते? मग त्या चुणीवरचा रनर पकडला गेला!

आधी सफाई. स्टुलावर आईबाबांनाच चढू दे. सगळे रनर एका टोकाला सारायचे, रिकाम्या भागात जुना, कोरडा टूथब्रश फिरवायचा. मग रनर दुसऱ्या टोकाला आणि उरलेला भाग साफ. धुळीबरोबर केससुद्धा निघतात, चाकांना गुंडाळलेले! आणि हो, खोबरेल तेल मुळीच नको. तेलाला धूळ चिकटते आणि हळूहळू आत चिखल! कोरड्या फडक्यावर थोडा सिलिकॉन स्प्रे घेऊन पुसलं, की चाकं झकास पळतात.

पण रनर तुटतातच का? ओळख! खिडकीतल्या उन्हामुळे! उन्हात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. प्लॅस्टिक बनलेलं असतं अतिसूक्ष्म, लांबलचक साखळ्यांचं. हे किरण त्या साखळ्या हळूहळू तोडतात. मग प्लॅस्टिक पिवळट, ठिसूळ होतं आणि जरा झटका बसला की कट्! गॅलरीतल्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आठव. तेही असेच मोडतात.

तुटलेला रनर आतच अडकला, तर तो मधूनच ओढून काढता येत नाही. शाळेच्या अरुंद बोळात रांग उभी आहे आणि मधल्या मुलाला बाहेर यायचंय, तर आधी पुढच्यांनीच निघायला हवं ना? अगदी तसंच! पडदा हुकांवरून उतरवायचा. पट्टीच्या टोकाच्या स्टॉपरचा स्क्रू सैल करून स्टॉपर काढायचा. पुढचे रनर ओळीने बाहेर, मग तुटका बाहेर, त्याच्या जागी नवा आत, मागोमाग बाकीचे. शेवटी स्टॉपर पुन्हा घट्ट. तो विसरलात, तर पहिल्याच ओढीला सगळे रनर टपाटप खाली!

एक लक्षात ठेव. रनर सगळे सारखे नसतात. दुकानात जाताना तुटका रनर खिशात घेऊन जा, आणि दोन-चार जास्तीचे आण. एक तुटला म्हणजे त्याच्याच वयाचे बाकीचेही लवकरच तुटणार!