शून्य शिल्लक म्हणजे बंद खाते नव्हे

पुण्यातली पहिली नोकरी सोडताना माझ्या भाचीने पगाराच्या खात्यातले सगळे पैसे दुसऱ्या खात्यात वळवले, डेबिट कार्ड ड्रॉवरमध्ये टाकले आणि ते खाते संपले असे धरून चालली. वर्षभराने प्राप्तिकराचा ८,४१० रुपयांचा परतावा नेमका तिथेच येऊन पडला, कारण प्राप्तिकराच्या पोर्टलवर तेच खाते नोंदलेले होते. बँकेचे अ‍ॅप उघडून पाहिले तर शिल्लक ८,४१० रुपये, पण काढता येतील असे ७,३४८. मधले १,०६२ रुपये ‘होल्ड’वर.

झाले होते ते असे. पगार यायचा थांबला की ‘सॅलरी अकाउंट’ काही काळाने साधे बचत खाते होते आणि त्याला किमान शिल्लक ठेवण्याचा नियम लागतो. तिच्या बँकेत शिल्लक नसल्याचा दंड तिमाहीला ३०० रुपये. पहिली तिमाही सवलतीत गेली. पुढच्या तीन तिमाहींचे ९०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १६२. रिझर्व्ह बँकेचा नियम सांगतो की निव्वळ या दंडामुळे बचत खाते मायनसमध्ये जाता कामा नये. म्हणून काही बँका रिकाम्या खात्यातून काही कापत नाहीत, फक्त येणे म्हणून लिहून ठेवतात आणि पुढे कधी पैसे आले की अडवून धरतात. नियमाचा शब्द पाळला जातो. त्याच्या हेतूचे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

भाचीने तडकाफडकी दोन ओळींचा अर्ज दिला : मला हे खाते नको आहे, बंद करून पैसे द्यावेत. काउंटरवरून तो परत आला. ‘चार्जेस बाकी आहेत, आधी ते क्लिअर करा.’ आता पैसे त्याच खात्यात पडलेले असताना ते आणखी कुठून आणून भरायचे? अडचण पैशांची नव्हती. शिल्लकेतून शुल्क कापून घ्यायला खातेदाराने लेखी सांगितले नव्हते, आणि उरलेली रक्कम कुठे पाठवायची हेही अर्जात नव्हते.

दुसऱ्यांदा आम्ही दोघांनी बसून लिहिलेले पत्र असे होते :

प्रति,
शाखा व्यवस्थापक, (बँक व शाखा)

विषय : बचत खाते क्र. ……… बंद करून उर्वरित शिल्लक वर्ग करण्याबाबत

महोदय,
आपल्या शाखेतील माझे वरील खाते वापरात नसल्याने मी ते बंद करू इच्छिते. या खात्यावर रु. १,०६२ होल्ड दिसत आहेत. ही रक्कम कोणत्या कालावधीच्या कोणत्या शुल्कापोटी आहे आणि त्याची पूर्वसूचना मला कोणत्या तारखेला पाठवली, याचा तपशील द्यावा. त्यातील नियमाप्रमाणे देय असलेली रक्कम याच खात्यातील शिल्लकेतून वळती करून घ्यावी. खाते बंद होईपर्यंतचे व्याज जमा करून उरलेली सर्व रक्कम माझ्या पुढील खात्यात एनईएफटीने पाठवावी : (नाव, खाते क्रमांक, बँक, शाखा, आयएफएससी).
सोबत पासबुक, कापलेले डेबिट कार्ड, चेक क्र. … ते … (एकूण १८ कोरे चेक), पॅन व आधारच्या सही केलेल्या प्रती आणि नव्या खात्याचा रद्द केलेला चेक जोडला आहे. या खात्यावरचा कोणताही चेक वटायचा राहिलेला नाही. खाते बंद झाल्याचे पत्र आणि रक्कम पाठवल्याचा यूटीआर क्रमांक द्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
(बँकेतील नोंदीप्रमाणे सही, दिनांक, मोबाईल क्रमांक)

खाते का बंद करताय, याचे लांबलचक कारण लिहायची गरज नाही. या पत्राचा सगळा जीव ‘नियमाप्रमाणे देय असलेली’ या शब्दांत आहे. नुसते ‘जे काही शुल्क असेल ते कापून घ्यावे’ असे लिहिले तर बँक मागेल ते आपण आधीच कबूल केल्यासारखे होते. आणि शुल्काबद्दल काहीच लिहिले नाही, तर अर्ज परत येतो.

पूर्वसूचनेची तारीख मागितली तीही उगाच नाही. १ एप्रिल २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार शिल्लक कमी पडली की बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने तसे कळवायला हवे आणि शिल्लक भरून काढायला महिनाभराची मुदत द्यायला हवी, त्यानंतरच दंड. भाचीच्या बाबतीत पहिल्या तिमाहीच्या दंडाची सूचना बँकेला दाखवता आली नाही. ते ३५४ रुपये रद्द झाले. उरलेले ७०८ तिला मान्य करावे लागले, कारण त्या दोन्ही वेळचे एसएमएस तिच्याच फोनमध्ये न वाचता पडून होते.

खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः काहीच व्यवहार केलेला नसेल, तर गोष्ट जरा वेगळी होते. बँकेने जमा केलेले व्याज किंवा कापलेले शुल्क हा आपला व्यवहार धरला जात नाही. असे खाते ‘निष्क्रिय’ ठरते आणि आधी केवायसीची कागदपत्रे देऊन ते सुरू करून घ्यावे लागते, म्हणून पत्रात तशी एक ओळ वाढवायची. सुरू करण्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही, आणि निष्क्रिय असलेल्या काळाचा किमान शिल्लकेचा दंडही लावता येत नाही. यादीत तो दिसला तर तिथेच बोट ठेवावे.

संयुक्त खाते असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. रोजचे व्यवहार एकाच्या सहीने होत असले तरी बंद करताना एकट्याची सही चालेल असे धरू नये. कोऱ्या चेकचे क्रमांक लिहून परत करावेत, आणि कुणाला पुढच्या तारखेचा चेक दिलेला असेल तर तो वटेपर्यंत थांबावे. ‘खाते बंद’ या शेऱ्याने परत आलेला चेकही कलम १३८ खाली गुन्हा ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटले आहे. या खात्यातून विम्याचा हप्ता किंवा एसआयपी जात असेल, गॅसचे अनुदान येत असेल, तर तेही आधी नव्या खात्याकडे वळवावे.

नव्या खात्याचा क्रमांक मात्र दोनदा वाचावा. एनईएफटीचे पैसे खाते क्रमांकावरून जमा होतात. नाव बरोबर असल्याने चुकलेला आकडा सुधारत नाही. आयएफएससीची अक्षरे अकरा, आणि त्यातले पाचवे नेहमी शून्य असते. लोक तिथे ‘ओ’ लिहितात.

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेऊन ती घरी आणावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिथे आपण बँकेकडे कधी गेलो होतो हे याच शिक्क्यावरून दाखवता येते.

भाचीला तिथवर जावे लागले नाही. ८,४१० मधून ७०८ वजा झाले, चाळीस दिवसांचे अडीच टक्क्यांनी २३ रुपये व्याज जमा झाले, शाखेतून एनईएफटी केल्याचे जीएसटीसह २ रुपये ९५ पैसे गेले आणि नव्या खात्यात ७,७२२ रुपये ५ पैसे आले. खाते बंद झाल्याचे पत्र मागून घ्यावे लागले. बँकेने ते आपणहून दिले नाही. पोर्टलवर तिने नवे खाते नोंदवले आहे. यंदाच्या विवरणपत्रात मात्र हे बंद खातेही लिहावे लागेल, कारण आर्थिक वर्षात कधीही चालू असलेले प्रत्येक खाते तिथे विचारतात. म्हणून ते पत्र आता ड्रॉवरमध्ये आहे, जिथे आधी कार्ड होते.