उघडणे, उघडावे की उघडा?

प्लास्टिकच्या कारखान्यात मोल्डिंगमधून उरलेले रनर आणि खराब निघालेला माल पुन्हा दाणेदार करायला जे मशीन असतं, त्याला आपल्याकडे सरळ ग्राइंडर म्हणतात. वरून हॉपरमध्ये तुकडे टाकायचे, आत ब्लेड लावलेला जड रोटर फिरतो, आणि जाळीतून दाणे खाली पडतात. मशीन बंद केलं तरी रोटर स्वतःच्या वजनाच्या जोरावर काही वेळ फिरतच राहतो. धोका तिथेच आहे, त्यामुळे अशा मशीनच्या फ्रेंच पुस्तिकेत सुरक्षेच्या बऱ्याच सूचना गार्ड कधी उघडायचा याभोवती फिरतात.

युरोपीय संघाच्या २००६/४२ या यंत्रनिर्देशानुसार मशीन ज्या सदस्य देशात विकायचं, तिथल्या भाषेत पुस्तिका द्यावी लागते. मराठीचा प्रश्न तिथे येतच नाही. म्हणजे चाकणच्या किंवा वाळूजच्या शेडमध्ये भिंतीवर लावायचा मराठी कागद इथेच कुणीतरी तयार करायचा असतो. पहिला अडथळा येतो तो क्रियापदाच्या रूपाचा.

फ्रेंचमध्ये सूचना दोन प्रकारे लिहितात. एक म्हणजे थेट आज्ञार्थ: ‘उव्ह्रे’, म्हणजे ‘उघडा’. दुसरं क्रियापदाचं मूळ रूप, जे शब्दकोशात सापडतं: ‘उव्ह्रीर’, म्हणजे ‘उघडणे’. पाकक्रिया, औषधाची वेष्टनं, रेल्वेतल्या पाट्या, यंत्रांच्या पुस्तिका या सगळ्यांत हे दुसरं रूप सर्रास दिसतं. त्यात समोरच्याला संबोधन नाही, पण आदेशाची धार आज्ञार्थाइतकीच आहे. कित्येक क्रियापदांत तर दोन्ही रूपं कानाला सारखीच लागतात. वीज ‘तोडणे’ आणि वीज ‘तोडा’, दोन्हींचा उच्चार ‘कुपे’. फरक फक्त लिहिण्यात. एकाच पुस्तिकेत दोन्ही रूपं मिसळलेली आढळली, तर त्यात सौम्य-कडक असा भेद शोधत बसू नये.

अनुवादकाला मोह होतो तो ‘णे’चा. मूळ रूपाला मूळ रूप, हिशेब चुकता. पण मराठीत ‘ब्लेड बदलणे’ हे कामाचं नाव झालं, सूचना नव्हे. ते शीर्षक म्हणून उत्तम. त्याखालच्या पायऱ्यांतही ‘स्विच बंद करणे, बोल्ट सैल करणे’ असं येत गेलं, तर शीर्षक कुठे संपलं आणि काम कुठे सुरू झालं हे कळत नाही. नकारात तर हा प्रकार घातकच होतो. ‘गार्ड न उघडणे’ हे वाक्य घ्या. पुस्तिकेच्या शेवटी बिघाडांचा तक्ता असतो, त्यात ‘मशीन सुरू न होणे’, ‘माल खाली न पडणे’ अशाच नोंदी असतात. ती भाषा सरावाची असलेला कामगार ‘गार्ड न उघडणे’ वाचून म्हणेल, गार्ड अडकलाय वाटतं, आणि पाना घेऊन उघडायला जाईल.

दुसरा पर्याय ‘उघडावे’ आणि ‘उघडू नये’ हा. सरकारी परिपत्रकांनी हे रूप इतकं वापरलंय, की त्याचा जोर आता सल्ल्याइतकाच उरला आहे. शिफ्टमध्ये सुपरवायझर ‘गार्ड लावावा’ असं बोलत नाही, ‘गार्ड लावा’ म्हणतो. कागदावरही तेच हवं. ‘करा’ आणि ‘करू नका’ यांत आदर आहे, स्त्री-पुरुष भेद नाही आणि शंकेला जागाही नाही. ‘कृपया’ मात्र काढून टाका. चपला बाहेर काढा म्हणताना ते शोभतं, फिरत्या ब्लेडपाशी नाही.

एवढं ठरलं की खरी कसोटी लागते ती ‘न… क’ या जोडीची. फ्रेंचमध्ये ‘न… पा’ म्हणजे साधा नकार. ‘न… क’ मात्र नकारासारखं दिसतं आणि अर्थ देतं ‘फक्त’. ग्राइंडरच्या पुस्तिकेतलं अगदी ठरावीक वाक्य असं असू शकतं: न उघडणे गार्ड, रोटर पूर्ण थांबलेला असताना शिवाय. घाईत ‘न’ पाहून कुणी लिहिलं, ‘रोटर पूर्ण थांबल्यावर गार्ड उघडू नका’, तर सूचना नेमकी उलटी झाली. वाचणारा हसेल किंवा, त्याहून वाईट, उरलेला सगळा कागदच खोटा मानेल. मराठीत या वाक्याला नकाराची गरजच नाही. आपला ‘च’ ते काम चोख करतो: ‘रोटर पूर्ण थांबल्यावरच गार्ड उघडा.’ मूळ कागदावर ‘न’ दिसला की पुढे ‘पा’ आहे की ‘क’, हे बोट ठेवून पाहावं. दोहोंच्या मध्ये कधी सहा-सात शब्द असतात.

आणखी दोन क्रियापदं फसवतात, कारण ती दुसऱ्या मूळ रूपाला चिकटून येतात. ‘फेर’ म्हणजे ‘करणे’, पण ‘फेर व्हेरिफिए’ म्हणजे ‘तपासून घेणे’, दुसऱ्याकडून. पुस्तिका म्हणते, पॅनेलची जोडणी अधिकृत इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. यातला ‘फेर’ गळला आणि नुसतं ‘पॅनेलची जोडणी तपासा’ राहिलं, तर ऑपरेटर स्वतःच पॅनेल उघडेल. ‘लेसे’ म्हणजे ‘होऊ देणे’. ‘मोटर थंड होऊ द्या’ याऐवजी ‘मोटर थंड करा’ लिहिलं, तर कुणी एअर गन मारेल, कुणी ओलं फडकं ठेवेल. मराठीत ‘करून घेणे’ आणि ‘होऊ देणे’ अशा दोन्हींच्या तयार जोड्या आहेत. अनुवादकाने त्या आठवायच्या, एवढंच.

मग उरते वाक्यातली जागा. फ्रेंच नकार क्रियापदाच्या आधी उभा असतो, मूळ रूप असेल तर ‘न पा’ दोन्ही शब्द एकत्र, अगदी सुरुवातीला. मराठीचा ‘नका’ शेवटी. मशीनवरच्या स्टिकरची खालची ओळ तेलाने आणि पुसण्याने आधी जाते, आणि मागे राहतं ‘मशीन चालू असताना हॉपरमध्ये हात घालू’. म्हणून नकाराची सूचना एका ओळीत मावेल एवढीच ठेवावी, वर लाल अक्षरांत ‘मनाई’ लिहावं आणि शेजारी हात कापल्याचं चित्र असावं. क्रमाचंही तसंच. फ्रेंच वाक्य म्हणतं, वीज तोडणे, गार्ड उघडण्याआधी. मराठीत ते ‘गार्ड उघडण्यापूर्वी वीज बंद करा’ असं होतं. व्याकरण शुद्ध आहे, पण जे नंतर करायचं ते आधी वाचलं गेलं. पायऱ्या पाडल्या की प्रश्न मिटतो:

१. मेन स्विच बंद करा.
२. स्विचला आपलं कुलूप लावा, चावी स्वतःजवळ ठेवा.
३. रोटर पूर्ण थांबेपर्यंत थांबा.
४. मगच गार्ड उघडा.

यातली कुलपाची पायरी मूळ वाक्यात दिसत नाही. फ्रेंच पुस्तिकेत ती बहुधा ‘कॉन्सिन्यासिओं’ या एका शब्दात दडलेली असते. वीज तोडणं, कुलूप लावणं, साठलेली ऊर्जा निघू देणं आणि सगळं खरंच बंद आहे का ते तपासणं, हे सगळं त्या शब्दात येतं. तिथल्या प्रशिक्षित माणसाला तो शब्द पुरतो. आपल्या भिंतीवर त्याचं प्रत्येक काम सुटं लिहिलंच पाहिजे.

कागद तयार झाला की तो छापायच्या आधी, मूळ पुस्तिका न पाहिलेल्या ऑपरेटरच्या हातात द्या. मशीन बंद करून कुलूप लावलेलं असू द्या. त्याला एकेक ओळ मोठ्याने वाचून हाताने करून दाखवायला सांगा. तो जिथे थबकेल किंवा ‘म्हणजे मी करायचं का मेंटेनन्सने?’ असं विचारेल, ती ओळ पुन्हा लिहा. फ्रेंच येणाऱ्याने वाक्य बरोबर ठरवलं म्हणून ते राखू नका.