इंजिन बंद, लॅपटॉप चालू : पण किती वेळ?

लेखमाला : रोजच्या वापरातली वीज
भाग ६

मुलाचा तीन तासांचा पेपर सुरू झाला आहे. केंद्राबाहेर सावली बघून गाडी लावली आहे आणि आई किंवा बाबा गाडीतच लॅपटॉप उघडून ऑफिसचे काम उरकत आहेत. लाइटर सॉकेटमध्ये दीडशे वॅटचा छोटा इन्व्हर्टर खोचलेला आहे, इंजिन बंद आहे. बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट कसे होतात, हे मागच्या भागात पाहिले. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. पेपर सुटल्यावर ही गाडी सेल्फ घेईल का?

छोट्या पेट्रोल गाडीच्या बॅटरीवर बहुधा ३५ अँपिअर-तास असा आकडा असतो. नवी, पूर्ण भरलेली बॅटरी पावणेदोन अँपिअरच्या हिशेबाने वीस तास चालेल, असा त्याचा अर्थ. मात्र हे ३५ अँपिअर-तास खर्चायला मोकळे नसतात. गाडीची बॅटरी सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. तिच्यात पातळ प्लेट दाटीने बसवलेल्या असतात, म्हणून ती शंभराहून अधिक अँपिअरचा झटका एक-दोन सेकंद देऊ शकते. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर तेवढी वीज परत भरतो. अशी बॅटरी वारंवार खोलवर उतरवली, तर प्लेटवरचा लेप सुटू लागतो. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, तर प्लेटवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ते चार्जिंग करूनही पूर्ण जात नाहीत. घरच्या इन्व्हर्टरला जोडतात त्या ट्यूब्युलर बॅटरीची रचना वेगळी असते. तासन्‌तास वीज देणे हे तिचेच काम.

बॅटरी तीन वर्षांची असेल, तर ३५ पैकी प्रत्यक्षात २८ अँपिअर-तास उरले आहेत असे धरणे शहाणपणाचे. शहरातल्या लहान फेऱ्यांमुळे तीही क्वचितच पूर्ण भरलेली असते. शिवाय शेवटी सेल्फसाठी जोर शिल्लक हवा. म्हणून अशा बॅटरीतून इंजिन बंद असताना ८ अँपिअर-तासांहून जास्त काढू नयेत, ही माझी मर्यादा आहे.

आता हिशेब करू. साधे लिखाण, ई-मेल आणि एक्सेल चालू असताना लॅपटॉप सुमारे ३० वॅट घेतो. अडॅप्टरमध्ये दहा टक्के आणि छोट्या इन्व्हर्टरमध्ये पंधरा टक्के वीज उष्णतेत जाते असे धरले, तर गाडीच्या बॅटरीतून जवळपास ४० वॅट निघतात. बाराने भागले की सव्वातीन अँपिअर. तीन तासांचे झाले १० अँपिअर-तास, म्हणजे आपल्या मर्यादेच्या थोडे वर. आणि हा हिशेब लॅपटॉपची स्वतःची बॅटरी आधीच भरलेली आहे असे समजून केला आहे.

ती रिकामी असेल, तर गणित बिघडते. समजा तिची क्षमता ५० वॅट-तास आहे. तीन तासांच्या कामाचे ९० आणि ती भरण्याचे ५० मिळून १४० वॅट-तास लागतील. अडॅप्टर सुरुवातीला त्याच्या पूर्ण ताकदीने, म्हणजे ६५ वॅटने, वीज ओढतो आणि गाडीच्या बॅटरीतून सात अँपिअर जाऊ लागतात. तीन तासांत एकूण १५ अँपिअर-तास खर्च होतात. २८ पैकी १५ गेल्यावर सेल्फ लागेलच, असे कोणी सांगू शकत नाही.

तिसरी रीत सर्वांत सोपी आहे. लॅपटॉप घरून पूर्ण भरून आणायचा, नाहीतर येताना इंजिन चालू असताना गाडीतच चार्ज करायचा. केंद्रावर पोचल्यावर पहिला दीड तास त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर काम करायचे. ५० वॅट-तासांत तेवढे काम आरामात होते. ती दहा-पंधरा टक्क्यांवर आली की इन्व्हर्टर लावायचा. मात्र तेव्हा अडॅप्टर कामासोबत चार्जिंगही करू लागेल, म्हणून लॅपटॉपमध्ये सोय असेल तर चार्जिंगची कमाल मर्यादा आधीच कमी ठेवायची. नसेल, तर अर्धा-अर्धा तास लावून काढत राहायचे. कामापुरतीच वीज घेतली, तर उरलेल्या दीड तासाला ५ अँपिअर-तास पुरतात. काम तेच, वेळ तोच. फक्त लॅपटॉप आधी भरून आणल्याने आणि क्रम बदलल्याने गाडीच्या बॅटरीवरचा भार १५ वरून ५ वर आला.

‘बॅटरी उतरली तर इन्व्हर्टर शिट्टी वाजवेलच,’ असे पुष्कळ जण म्हणतात. शिट्टी वाजते हे खरे, पण बहुतेक छोट्या इन्व्हर्टरमध्ये ती साडेदहा व्होल्टच्या आसपास वाजते आणि त्याखाली तो बंद होतो. साडेदहा व्होल्टला बारा व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी रिकामीच समजतात. ही सोय गाडी सुरू होण्यासाठी केलेली नसते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नये.

भरवसा ठेवायचा तो व्होल्टमीटरवर. साधा मल्टिमीटर बॅटरीच्या टर्मिनलांना लावला तरी चालतो. भार नसताना आणि बॅटरी काही तास स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन नुकतेच बंद केले असेल तर १२.८ किंवा १३ दिसतात. तो वरवरचा चार्ज असतो आणि थोडा भार पडताच ओसरतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांतल्या आकड्यावरून काहीच ठरवू नये. इन्व्हर्टर चालू असताना भारामुळे आकडा एक-दोन दशांश खालीच दिसतो. तो १२.२ वर आला की इन्व्हर्टर काढायचा. काम अर्धवट राहिले असले तरी काढायचा.

सॉकेटलाही मर्यादा आहे. त्याच्या झाकणावर बहुधा १२ व्होल्ट, १२० वॅट असे लिहिलेले असते आणि मागे दहा किंवा पंधरा अँपिअरचा फ्यूज असतो. इन्व्हर्टरवर दीडशे वॅट छापले आहेत म्हणून लॅपटॉपसोबत प्रिंटरही जोडला, तर फ्यूज उडू शकतो. त्याआधी सॉकेट आणि प्लग गरम होतात. हाताला चटका बसू लागला की थांबावे. किल्लीकडेही लक्ष हवे. अनेक गाड्यांत सॉकेटसाठी ‘अ‍ॅक्सेसरी’ हा टप्पा पुरतो. किल्ली पुढच्या टप्प्यावर राहिली, तर इंजिनाची इलेक्ट्रॉनिक्स जागी राहते. शिवाय ब्लोअर चालू असेल, तर एकट्या त्याचा खर्च लॅपटॉपपेक्षा जास्त होऊ शकतो.

एवढे करूनही किल्ली फिरवल्यावर नुसते कट-कट-कट ऐकू आले आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. प्रत्येक प्रयत्नात उरलीसुरली वीज जाते. दिवे, ब्लोअर बंद करून दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट घ्या. त्यानंतर घरापर्यंतची दहा मिनिटांची फेरी पुरत नाही. काढलेले आठ-दहा अँपिअर-तास परत भरायला तासाभराहून जास्त गाडी चालवावी लागते, कारण भरत आलेली बॅटरी चार्ज हळूहळूच घेते. बॅटरी वाचवण्यासाठी इंजिन चालू ठेवून बसणार असाल, तर ते उघड्यावरच. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, आणि त्याला ना वास असतो ना रंग.

(पुढील भागात : १२ व्होल्टचे २३० न करता, यूएसबी-सी कार चार्जरने लॅपटॉपला थेट वीज कशी द्यावी.)